दोन्ही नॉर्मल, बेरीज मात्र नाही

संख्याशास्त्राच्या अहवालांत एक वाक्य नेहमी भेटतं: "दोन्ही चलं नॉर्मल आहेत, त्यामुळे त्यांची बेरीजही नॉर्मल धरली आहे." वाचणाऱ्याची मान आपोआप डोलते, कारण पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात हेच प्रमेय शिकलेलं असतं. पण ते प्रमेय असं नव्हतं. त्यात एक अट होती. दोन चलं एकमेकांपासून स्वतंत्र असावीत, किंवा निदान दोघांचं मिळून वितरण नॉर्मल असावं, म्हणजे ती संयुक्त नॉर्मल असावीत. ही अट वह्यांतून अहवालात येईपर्यंत कुठेतरी गळून पडते आणि मागे राहतं ते अर्धं वाक्य. ते चुकीचं आहे.

ही चूक इतकी तग धरून का राहते, याचं कारण बघण्यासारखं आहे. बेरजेचं मध्य काढायला संयुक्त वितरण लागतच नाही, दोन मध्यांची बेरीज केली की झालं. प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, काढायला दोघांचं आपापलं प्रचरण आणि त्यांचा सहसंबंध एवढं पुरतं. ही दोन्ही उत्तरं संयुक्त वितरण कसंही असलं तरी बरोबरच येतात. म्हणजे मध्य बरोबर, प्रमाण विचलन बरोबर, आणि तिसरी गोष्ट, बेरजेचा आकार, कुणी न तपासता "नॉर्मल" म्हणून लिहून मोकळा होतो. तीनपैकी दोन आकडे पडताळून बरोबर निघाले की तिसऱ्यावर संशय घ्यायची कुणाला इच्छा होत नाही.

आकार किती बिघडू शकतो हे बघायला सगळ्यात स्वच्छ उदाहरण नाणेफेकीचं आहे. X हे प्रमाणित नॉर्मल चल घ्या: मध्य ०, प्रमाण विचलन १. X शी काहीही संबंध नसलेलं एक नाणं उडवा. छापा आला तर S = +1, काटा आला तर S = −1. आता Y = S·X अशी व्याख्या करा. छाप्याला Y म्हणजे X च, काट्याला Y म्हणजे −X.

Y चं वितरण काय? छाप्याच्या वेळी ते X सारखं, म्हणजे नॉर्मल. काट्याच्या वेळी ते −X सारखं, आणि नॉर्मल वक्र शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच असल्यामुळे −X चं वितरणही हुबेहूब तेच. दोन एकसारख्या वितरणांचं निम्मं-निम्मं मिश्रण केलं तर पुन्हा तेच वितरण हाती येतं. तेव्हा Y काटेकोरपणे प्रमाणित नॉर्मल आहे, अंदाजे नव्हे. सहप्रचरण E[XY] = E[S]·E[X²] = 0 × 1 = 0, म्हणजे सहसंबंधही शून्य. एखाद्याला X आणि Y चे दोन रकाने दिले, प्रत्येकाची वेगळी चाचणी करायला आणि दोघांचा सहसंबंध काढायला सांगितलं, तर त्याला दोन्हीकडे उत्तम नॉर्मल आणि मध्ये शून्य सहसंबंध एवढंच दिसेल.

आता बेरीज करा. काटा पडला तर X + Y = X − X = 0. छापा पडला तर 2X. म्हणजे निम्म्या वेळा बेरीज अगदी शून्य, जवळपास शून्य नव्हे तर नेमकं शून्य. आणि उरलेल्या निम्म्या वेळा दुप्पट पसरलेला नॉर्मल. ज्या वितरणाचा अर्धा भार एका बिंदूवर बसला आहे ते नॉर्मल असू शकत नाही, यासाठी कुठल्याच चाचणीची गरज नाही. तरीही प्रचरण बघा: निम्म्या वेळा ४, निम्म्या वेळा ०, सरासरी २. दोन स्वतंत्र प्रमाणित नॉर्मल चलांच्या बेरजेचंही प्रचरण २ च असतं. सूत्राने दिलेला आकडा जसाच्या तसा जुळतो.

फरक पडतो तो शेपट्यांत. बेरजेचं प्रमाण विचलन √2, साधारण १.४१४. बेरीज नॉर्मल असती तर ती मध्यापासून तीन प्रमाण विचलनांच्या बाहेर जाण्याची संभाव्यता ०.००२७ असती. इथे ती किती? |2X| हे 3√2 पेक्षा जास्त हवं, म्हणजे |X| हे २.१२१ पेक्षा जास्त. त्याची संभाव्यता ०.०३३९, आणि छापा पडण्याची अट असल्यामुळे तिची निम्मी, ०.०१७. अपेक्षेच्या सहापटीहून जास्त. चार प्रमाण विचलनांवर गेलात तर नॉर्मल हिशेब ०.००००६३ म्हणतो, प्रत्यक्षात येतं ०.००२३, म्हणजे सुमारे ३७ पट. उलट एका प्रमाण विचलनाच्या बाहेर जाण्याची संभाव्यता ०.३१७ ऐवजी ०.२४० इतकी कमीच आहे. रोजच्या व्यवहारात ही बेरीज नॉर्मलपेक्षा शांत दिसते आणि क्वचितच्या दिवशी नॉर्मलपेक्षा फार जास्त उसळते. कर्टोसिस, म्हणजे शेपट्यांचा जडपणा मोजणारा आकडा, नॉर्मलसाठी ३ असतो. इथे तो ६ आहे.

या उदाहरणावर एक रास्त आक्षेप येतो. हे कृत्रिम आहे, निम्मा भार एका बिंदूवर, सगळे ठिपके दोन तिरक्या रेषांवर. असं खऱ्या माहितीत कुठे असतं? आक्षेप मान्य. पण बिंदूवरचा भार हा या गोष्टीचा गाभा नाही. दुसरं उदाहरण घ्या, ज्यात सगळं सलग आहे. दोन स्वतंत्र प्रमाणित नॉर्मल संख्या काढा. पहिली X म्हणून जशीच्या तशी ठेवा. दुसरीचं केवलमूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरलेला आकडा, तेच ठेवा, पण तिचं चिन्ह बदलून X चं चिन्ह द्या, आणि तिला Y म्हणा. X धन तर Y धन, X ऋण तर Y ऋण. वरच्याच समरूपतेच्या कारणाने Y पुन्हा अचूक नॉर्मल आहे. आलेखावर ठिपके फक्त पहिल्या आणि तिसऱ्या चरणात पडतात. दुसरा आणि चौथा चरण पूर्ण रिकामा. घनतेच्या भाषेत, दोन नॉर्मल घनतांचा गुणाकार त्या दोन चरणांत दुप्पट केला आणि बाकीच्या दोन चरणांतून काढून टाकला.

यात सहसंबंध 2/π, म्हणजे ०.६३७ येतो. अगदी सभ्य आकडा, कुठल्याही तक्त्यात सहज खपून जाईल. पण बेरीज शून्याजवळ यायची असेल तर दोन्ही चलं एकाच वेळी शून्याजवळ असावी लागतात, कारण चिन्हं सारखी असल्यामुळे एकाने दुसऱ्याला काटण्याची सोयच नाही. परिणामी बेरजेची घनता शून्यावर शून्य होते आणि ±१.२४ च्या आसपास दोन उंचवटे येतात. दोन घंटाकृती वक्रांची बेरीज करून मध्ये खड्डा असलेला दोन शिखरांचा आलेख मिळतो. पहिल्या उदाहरणात मध्यावर नको इतकी गर्दी होती, दुसऱ्यात मध्यावर कुणीच नाही. चलं दोन्हीकडे तीच, प्रमाणित नॉर्मल.

यातून दिसतं ते एवढंच, की प्रत्येक चलाचं स्वतःचं वितरण, ज्याला सीमांत वितरण म्हणतात, हे संयुक्त वितरणाला फक्त दोन दिशांनी पाहणं आहे, आडव्या अक्षावरून आणि उभ्या अक्षावरून. बेरीज मात्र ठिपक्यांच्या त्या ढगाला ४५ अंशांतून पाहते. दोन दिशांनी घंटा दिसली म्हणून तिसऱ्या दिशेनेही घंटाच दिसेल याला काही आधार नाही. संयुक्त नॉर्मलची खरी ओळख हीच आहे की aX + bY हे a आणि b च्या प्रत्येक जोडीसाठी नॉर्मल यावं. सर्व दिशांनी पाहिलेली वितरणं मिळून संयुक्त वितरण पूर्ण ठरतं, हे हाराल्ड क्रॅमर आणि हेर्मान वोल्ड यांनी १९३६ साली दाखवलं. त्यातला "सर्व" हा शब्द जपून वाचावा. एकच बेरीज तपासली आणि ती नॉर्मल निघाली, तरी चलं संयुक्त नॉर्मल ठरत नाहीत. मोजक्या दिशा, मग त्या दहा असोत की हजार, नॉर्मल ठेवूनही संयुक्त नॉर्मल नसलेलं वितरण रचता येतं.

सहसंबंध गुणांक या सगळ्यात कुठे कमी पडतो? तो एकच आकडा आहे, आणि तो X आणि Y च्या सरळ रेषेतल्या नात्याबद्दल बोलतो. संयुक्त नॉर्मलमध्ये तेवढं नातंच असतं, दुसरं काही नसतंच, म्हणून तिथे हा एक आकडा पुरतो आणि तो शून्य असेल तर चलं स्वतंत्र असतात. त्याबाहेर तो पुरत नाही. यावर मला सगळ्यात उपयोगी वाटणारी तपासणी फार साधी आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत जितकी ठळक असायला हवी तितकी दिसत नाही: दोन्ही रकान्यांचे वर्ग करा आणि त्या वर्गांचा सहसंबंध काढा. आधी मध्य वजा करून घ्यायला विसरू नका, नाहीतर आकड्याला अर्थ राहणार नाही. संयुक्त नॉर्मल असेल तर हा सहसंबंध ρ² यायला हवा, जिथे ρ हा मूळ सहसंबंध. नाणेफेकीच्या उदाहरणात ρ = 0, म्हणून अपेक्षा ०; प्रत्यक्षात Y² = X², तेव्हा उत्तर १. चिन्ह बदललेल्या उदाहरणात ρ² = ०.४०५ अपेक्षित, पण तिथे X आणि Y ची केवलमूल्यं स्वतंत्र आहेत, म्हणून उत्तर ०. एकात लपलेलं नातं दिसतं, दुसऱ्यात दिसणारं नातं फक्त चिन्हापुरतं होतं हे कळतं.

आता प्रत्यक्षाच्या जवळ जाऊ. नाणेफेकीतलं S म्हणजे दोन चलांच्या नात्याचं बदलणारं चिन्ह. असं चिन्ह बदलण्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतले शेअर आणि सरकारी रोखे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांचा सहसंबंध बराच काळ धन होता. २००० नंतरची साधारण दोन दशकं तो बहुतेक वेळा ऋण राहिला: शेअर पडले की रोखे सावरायचे. या ऋण सहसंबंधाच्या भरवशावर साठ टक्के शेअर आणि चाळीस टक्के रोखे ही मांडणी सुरक्षित मानली गेली. मग २०२२ साली महागाई आणि व्याजदर एकदम वर गेले आणि दोन्ही एकत्र पडले. एस अँड पी ५०० निर्देशांक लाभांश धरूनही सुमारे १८ टक्के खाली आला आणि ब्लूमबर्गचा अमेरिकी अ‍ॅग्रिगेट रोखे निर्देशांक सुमारे १३ टक्के. साठ-चाळीसच्या मांडणीला त्या वर्षी साधारण १६ टक्क्यांचा फटका बसला. एक रकाना दुसऱ्याला काटेल हे गृहीत धरलेलं होतं, आणि त्या वर्षी काटा न पडता छापा पडला.

परतावे स्वतः नेमके नॉर्मल नसतात, त्यांच्या शेपट्या आधीच जड असतात, हे कुणीही सांगेल. पण इथे मुद्दा वेगळा आहे. समजा ते अगदी नॉर्मल असते, तरी बेरीज बिघडली असती का? हे बघण्यासाठी नाणेफेकीचं टोक थोडं मऊ करू. दोन्ही चलं प्रमाणित नॉर्मल. काळाचे दोन प्रकार, निम्मे-निम्मे: एका प्रकारात सहसंबंध +०.५, दुसऱ्यात −०.५. प्रत्येक प्रकारात चलं संयुक्त नॉर्मल आहेत, आणि दोन्ही प्रकारांत X तेच, Y तेच. त्यामुळे एकंदरीतही X नॉर्मल, Y नॉर्मल, आणि एकंदर सहसंबंध शून्य. बेरीज मात्र पहिल्या प्रकारात प्रचरण ३ ची नॉर्मल आहे, दुसऱ्यात प्रचरण १ ची. दोन्ही मिळून प्रचरण २, पुन्हा सूत्राप्रमाणेच. आकार मात्र दोन वेगवेगळ्या रुंदीच्या घंटांचं मिश्रण, कर्टोसिस ३.७५.

जोखमीचा हिशेब करणारा माणूस विचारतो ते असं: किती पातळी ओलांडण्याची संभाव्यता ५ टक्के आहे, १ टक्का आहे, हजारात एक आहे? बेरीज नॉर्मल धरली, प्रमाण विचलन १.४१४, तर या तीन पातळ्या २.३२६, ३.२९० आणि ४.३७० येतात. खऱ्या मिश्रणातून काढल्या तर २.३२, ३.५६ आणि ४.९८. हे तीन आकडे सावकाश वाचा. ५ टक्क्यांच्या पातळीवर फरक जवळजवळ शून्य आहे. १ टक्क्यावर नॉर्मल हिशेबापेक्षा खरी पातळी सुमारे ८ टक्क्यांनी वर आहे, हजारात एकावर १४ टक्क्यांनी. ज्याने आपलं प्रतिमान ९५ टक्क्यांच्या पातळीवर मागच्या माहितीशी ताडून पाहिलं, आणि बहुतेक जण तिथेच ताडून पाहतात कारण तिथे पुरेशी उल्लंघनं मोजायला मिळतात, त्याला ते निर्दोष वाटेल. त्याच पातळीवर जड शेपटीचा वक्र आणि नॉर्मल वक्र एकमेकांना ओलांडून जातात. मग तोच विश्वास तो ९९.९ टक्क्यांच्या आकड्यावर नेतो, आणि तिथे भांडवल कमी पडतं.

स्वतः करून बघायचं असेल तर एवढ्या ओळी पुरतात:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(11)
n = 1_000_000
r = rng.choice([-0.5, 0.5], size=n)
x = rng.standard_normal(n)
e = rng.standard_normal(n)
y = r * x + np.sqrt(1 - r**2) * e
t = x + y
print(np.corrcoef(x, y)[0, 1])
print(np.corrcoef(x**2, y**2)[0, 1])
print(np.quantile(t, [0.95, 0.99, 0.999]))
```

पहिली ओळ शून्याजवळचा आकडा छापेल, दुसरी ०.२५ च्या आसपासचा, आणि तिसरी वर दिलेल्या तीन पातळ्या. नाणेफेकीचं उदाहरण बघायचं असेल तर ±०.५ च्या जागी ±१ घाला. वर्गमूळाखालचा आकडा शून्य होतो आणि e आपोआप गळतो. मग `np.mean(t == 0)` छापून बघा. संगणकावर दशांश संख्यांची समानता तपासणं एरवी धोक्याचं असतं, पण इथे फक्त चिन्ह बदललं आहे, पूर्णांकन कुठेच नाही, त्यामुळे ०.५ च्या जवळचंच उत्तर येतं.

दहा लाख ओळी हाताशी असल्या की सगळं स्पष्ट दिसतं. खऱ्या कामात त्या नसतात, आणि अडचण तिथून सुरू होते. संयुक्त नॉर्मल तपासायची जुनी आणि अजूनही वापरात असलेली चाचणी कांती मर्डिया यांची आहे. मुंबई विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये लीड्सला प्राध्यापक झालेले मर्डिया यांनी १९७० साली बायोमेट्रिका या नियतकालिकात बहुचल कर्टोसिसचं माप मांडलं. कल्पना अशी: प्रत्येक ठिपक्याचं मध्यापासूनचं महालनोबिस अंतर काढा, म्हणजे दोन्ही चलांचा पसारा आणि सहसंबंध हिशेबात धरून मोजलेलं अंतर, त्याचा चौथा घात करा, सगळ्या ठिपक्यांवर सरासरी घ्या. दोन चलं संयुक्त नॉर्मल असतील तर ही सरासरी ८ च्या जवळ यायला हवी. नाणेफेकीत ती १२ येते. आपल्या ±०.५ च्या मिश्रणात ९.

चाचणीचा आकडा काढायला या सरासरीतून ८ वजा करायचे आणि √(64/n) ने भागायचं, n म्हणजे जोड्यांची संख्या. नाणेफेकीत हे √n / 2 होतं. शंभर जोड्यांना ५, म्हणजे चूक लपायला जागाच नाही. मिश्रणात मात्र हे √n / 8. नेहमीचा १.९६ चा उंबरठा ओलांडायला n साधारण २४६ लागतो. रोजची माहिती असेल तर बाजाराचं एक वर्ष, सुमारे २५० दिवस, कसंबसं पुरेल. आणि तेही सरासरी हिशेबाने, म्हणजे जवळपास निम्म्या वेळा चाचणी काही न सांगता निघून जाईल. महिन्याची माहिती असेल तर साडेवीस वर्षं लागतील. पाच वर्षांच्या साठ महिन्यांवर चाचणी करून "संयुक्त नॉर्मल असल्याविरुद्ध पुरावा नाही" असं लिहिणारा खोटं बोलत नाही, पण त्याच्या वाक्यातून वाचणाऱ्याने निश्चिंत होण्यासारखंही काही नाही. चाचणीने सांगितलं नाही, एवढंच.

म्हणून चाचणीआधी ठिपक्यांचा आलेख काढावा. संयुक्त नॉर्मलचा ढग लंबवर्तुळाकार असतो: मध्ये दाट, बाहेर विरळ, कुठेही कोपरे नाहीत. ±०.५ च्या मिश्रणात दोन लंबवर्तुळं एकमेकांवर आडवी पडून चारही कोपऱ्यांकडे ढग थोडा ताणलेला दिसतो. कोपऱ्यात ठिपके असणं याचाच अर्थ दोघं एकदम मोठे होतात. मध्यभागाकडे बघून काही कळत नाही, डोळा तिथेच खेचला जातो ही पंचाईत. बाहेरच्या ठिपक्यांसाठी महालनोबिस अंतराचे वर्ग घेऊन ते दोन स्वातंत्र्य-मात्रांच्या काय-वर्ग वितरणाशी ताडावेत. ५.९९ च्या बाहेर शंभरात पाच आणि ९.२१ च्या बाहेर शंभरात एक असे ठिपके असायला हवेत. नाणेफेकीत हेच आकडे ८.३ आणि ३.२ येतात.

आणि एक गोष्ट, जी इतकी सरळ आहे की लोक ती करतच नाहीत. जोड्या हाताशी असतील, म्हणजे एकाच दिवसाचे X आणि Y एका ओळीत असतील, तर बेरजेचं वितरण गृहीत धरायची गरज काय? ओळीओळीने बेरीज करा आणि त्या नव्या रकान्याचा आलेख काढा. गृहीतकाची गरज तेव्हाच पडते जेव्हा जोड्या नसतात, X एका संस्थेकडून आणि Y दुसरीकडून आलेला असतो. पण तेव्हा सहसंबंधही कुठूनतरी उसना घेतलेला असतो, आणि आकार त्याहूनही उसना.

काळाने हा दोष भरून निघतो का? इथे उत्तर नाणं कधी उडवलं जातं त्यावर आहे. सहसंबंधाचं चिन्ह रोज नव्याने, मागच्या दिवसाशी संबंध न ठेवता ठरत असेल, तर महिन्याच्या एकवीस दिवसांची बेरीज करताना मध्यवर्ती सीमा प्रमेय कामाला येतं. रोजच्या बेरजेचं कर्टोसिस ३ पेक्षा ०.७५ ने जास्त होतं. एकवीस दिवसांच्या बेरजेत हा जादा भाग एकवीसाने भागला जाऊन ०.०३६ उरतो. महिन्याची बेरीज व्यवहारापुरती नॉर्मल. पण चिन्ह महिनाभर तेच राहत असेल, तर अख्ख्या महिन्यात सहसंबंध एकच, महिन्याचा X नॉर्मल, महिन्याचा Y नॉर्मल, आणि बेरजेच्या कर्टोसिसमधला जादा भाग पूर्ण ०.७५. एकवीस दिवस मिळवूनही काही निवळलं नाही. शेअर आणि रोख्यांचं नातं दिवसागणिक पलटत नाही, ते वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून त्यांच्या बाबतीत "दीर्घ मुदतीत सगळं नॉर्मल होतं" हा दिलासा लागू पडत नाही.

शेवटी एका सवयीबद्दल, कारण ती ही चूक स्वतःहून तयार करते. माहिती नॉर्मल दिसत नसली की प्रत्येक रकान्याला क्रम लावून नॉर्मल करण्याची पद्धत आहे. n निरीक्षणांत ज्याचा क्रमांक r, त्याच्या जागी Φ⁻¹((r − 3/8)/(n + 1/4)) हा आकडा घालायचा, जिथे Φ⁻¹ म्हणजे दिलेल्या संभाव्यतेवरून प्रमाणित नॉर्मलवरची पातळी सांगणारं फलन. ब्लोमचं हे सूत्र जनुकशास्त्रापासून मानसशास्त्रातल्या गुणांकनापर्यंत सर्रास वापरलं जातं. यानंतर प्रत्येक रकाना हमखास नॉर्मल दिसतो, कारण तो तसा बसवलेलाच असतो. मग शापिरो-विल्क चाचणी लावून ती पास झाल्याचं लिहिलं जातं, ज्यात नवल ते काय! रकान्यांमधलं नातं या क्रियेने तसूभरही बदलत नाही, कारण क्रम तेच राहतात. आधी दोन्ही चलं फक्त पहिल्या आणि तिसऱ्या चरणात असतील तर नंतरही तिथेच असतील. आता या दोन गुणांची बेरीज करून "संमिश्र गुण" तयार केला आणि त्यावर नॉर्मल तक्त्यातून शतमक वाचले, तर वरचे सगळे आकडे पुन्हा लागू होतात. तिथे क्रम लावायचाच असेल तर बेरीज आधी करावी आणि क्रम त्या बेरजेला लावावा. मग शतमक थेट मिळतात आणि संयुक्त वितरण नॉर्मल आहे की नाही हा प्रश्न त्या कामापुरता उरतच नाही.